सूट देण्याची कमाल मर्यादा: नफा खरेदीवर धरावा की छापील किमतीवर?

साड्यांच्या दुकानात किंमत ठरवण्याच्या दोन पद्धती चालतात आणि मी दोन्ही वापरल्या आहेत. पहिलीत माल आपल्याला जेवढ्याला पडला त्यावर ठरावीक टक्के चढवून चिठ्ठी छापतात. दुसरीत चिठ्ठीवरच्या किमतीत आपला वाटा किती हे आधी ठरवून तिथून मागे येतात. सूट देण्याचा प्रश्न मध्ये आणला नाही तर दोन्ही सारख्याच चांगल्या आहेत. पण ‘तोटा न होता जास्तीत जास्त किती सोडता येईल’ या एकाच प्रश्नावर त्यांची वाट वेगळी होते.

एक साडी घेऊ. पेढीचे बिल ११५० रुपये, वाहतूक, हमाली आणि पिशवी मिळून ५०, म्हणजे साडी १२०० रुपयांना पडली. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत असल्याने तो यात धरलेला नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराने मात्र तो किमतीत धरलाच पाहिजे, कारण त्याला ते क्रेडिट मिळत नाही.

खरेदीवर ६० टक्के चढवले की १९२० होतात आणि साडीवरचा ५ टक्के जीएसटी धरून चिठ्ठीवर २०१६ येतात. या पद्धतीची सोय खरी आहे: बिल समोर ठेवायचे, गुणाकार करायचा आणि चिठ्ठी चिकटवायची. पेढीवाले आणि जुने व्यापारीही खरेदीवरच्याच टक्क्यांत बोलतात, त्यामुळे वहीतला आकडा आणि तोंडातला आकडा एकच राहतो.

माझ्या दृष्टीने अडचण गल्ल्याशी उभी राहते. गिऱ्हाईक सूट मागते ती चिठ्ठीवरच्या किमतीत आणि वहीत मात्र खरेदीवरचे ६० टक्के लिहिलेले असतात. लग्नसराईच्या गर्दीत विक्रीला उभ्या असलेल्या माणसाला ६० हा आकडा ठाऊक असतो, म्हणून ४० टक्के सोडूनही २० टक्के हाती राहतील असे त्याला मनापासून वाटते. प्रत्यक्षात २०१६ वर ४० टक्के सोडले की १२०९ रुपये ६० पैसे येतात, त्यातले ५७ रुपये ६० पैसे कराचे, आणि दुकानात ११५२ उरतात. साडी ४८ रुपये तोट्यात गेली. खरी मर्यादा ६० भागिले १६०, म्हणजे साडेसदतीस टक्के होती. खरेदीवर २५ टक्के चढवलेल्या मालावर ती २० असते, ५० चढवलेल्यावर सव्वातेहतीसच्या किंचित वर, आणि दुप्पट केलेल्यावर ५०. प्रत्येक मालाला हे रूपांतर वेगळे आहे आणि ते नेमके गर्दीच्या वेळी करावे लागते. मला ही पद्धत सोडावीशी वाटली ती एवढ्याच कारणाने.

काही दुकानांत यावर जुना उपाय आहे. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरांचा संकेत घेऊन, दर अक्षराला एक अंक धरून, चिठ्ठीच्या कोपऱ्यात पडलेली किंमत लिहून ठेवतात. विक्रेत्याला तळ दिसतो हे खरे, परंतु तो कर सोडून असतो. १२०० वाचून त्याने करासह १२०० ला साडी दिली, तर ५७ रुपये कमी पडतात.

दुसऱ्या पद्धतीत चिठ्ठीतला आपला वाटा ४० टक्के ठरवला, तर १२०० भागिले ०.६० म्हणजे २०००, आणि करासह २१०० छापायचे. भागाकार थोडा नकोसा वाटतो, पण तो एकदाच, निवांत वेळी होतो. पुढे मर्यादा म्हणजे तोच ४० टक्क्यांचा आकडा. २१०० वर ४० टक्के सोडले की १२६० येतात; कराचे ६० गेले की १२०० पुरते परत मिळतात. सूट बिलातच दाखवली असल्याने कर कमी झालेल्या किमतीवरच लागतो, म्हणून टक्केवारी बिघडत नाही. आधी ३० आणि मग वर १० टक्के सोडले, तरी मिळून ३७ होतात, त्यामुळे तिथेही आपण मर्यादेच्या आतच राहतो.

ज्यांच्याकडे भाव एकच असतो आणि घासाघीस होत नाही, त्यांनी पहिली पद्धत बदलण्याचे कारण मला दिसत नाही. जिथे सूट मागितली जाते आणि ती देणारा मालक नसतो, तिथे मात्र मी दुसरीकडे झुकेन.

ही ४० टक्क्यांची मर्यादा फक्त मालाच्या पैशांपुरती आहे. भाडे आणि पगार विक्रीच्या १५ टक्के खात असतील, तर ४० मधून १५ वजा करून २५ धरणे सुरक्षित आहे, पण नेमके नाही. हा खर्च सूट दिल्यानंतरच्या विक्रीवर मोजला जातो, म्हणून ०.६० ला ०.८५ ने भागावे. चिठ्ठीच्या सुमारे ७०.६ टक्के यायला हवेत, म्हणजे २९ टक्क्यांपर्यंत सोडता येते. त्यापुढची सूट मी जुना माल काढण्यासाठीच राखून ठेवतो.