फोनवरील भूकंपसूचना: नागपुरात नऊ महिने वापरल्यानंतर

4 डिसेंबर 2024 रोजी सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू परिसरात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचा हलका हादरा गडचिरोली, चंद्रपूरसह आमच्या नागपुरातही जाणवला. त्यानंतर काही आठवड्यांनी मी अँड्रॉइड फोनच्या Safety & emergency या विभागात जाऊन Earthquake alerts सुरू केले. नऊ महिन्यांत एकदाही खरी सूचना आली नाही. नागपूर भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याच्या पट्ट्यात असल्याने त्याचे नवल नाही. त्यामुळे ही यंत्रणा काय देऊ शकते, हे मी मुलुगूचाच भूकंप घेऊन कागदावर मांडून पाहिले.

भूकंपात आधी निघते ती प्राथमिक लहर, म्हणजे पी-लहर. ती खडकातून सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते आणि सहसा फारसे नुकसान करत नाही. इमारतींना आडवे हेलकावे देणारी एस-लहर मात्र साडेतीन किलोमीटरच्या वेगाने मागून येते. मुलुगूच्या भूकंपाचे केंद्र जमिनीखाली सुमारे 40 किलोमीटर खोल होते. म्हणजे वरच्या गावांतील स्थिर ठेवलेल्या फोनांच्या कंपनमापकांना पी-लहर सातव्या सेकंदाला लागली असती. अनेक फोनांचे संकेत जुळवून सूचना धाडायला आणखी सहा सेकंद धरले, तर तेराव्या सेकंदाला इशारा सुटतो. नागपूर तिथून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. एस-लहरीला इथे पोहोचायला 93 सेकंद लागतात. आमच्या हाती जवळजवळ 80 सेकंद उरतात, कारण इशारा इंटरनेटवरून येतो आणि त्याच्यापुढे कोणत्याही लहरीचा वेग नगण्य आहे. पी-लहर नागपुरात पोहोचण्याची वाट पाहिली असती, तर हाच अवधी चाळीस सेकंदांच्या आत आला असता.

खरी मर्यादा दुसऱ्या टोकाला आहे. केंद्राच्या अगदी वर असलेल्या गावात एस-लहर बाराव्या सेकंदाच्या आधीच पोहोचते, म्हणजे इशारा सुटण्यापूर्वीच. याच हिशेबाने भोवतालचा सुमारे वीस किलोमीटरचा प्रदेश सूचनेविना राहतो. 1993 च्या किल्लारीसारख्या उथळ भूकंपात तर केंद्राजवळच्या घरांना एस-लहर तीनेक सेकंदांत गाठते. जिथे हानी सर्वाधिक, तिथेच ही यंत्रणा मुकी राहते. आम्हा नागपूरकरांना वेळ भरपूर मिळतो, पण तो बहुधा सौम्य हादऱ्यासाठी. (ही विसंगती मला अजूनही बोचते.)

सूचनाही दोन प्रकारच्या आहेत. सौम्य हादरा अपेक्षित असेल तर येणारी Be Aware ही साधी सूचना फोनचा आवाज बंद असल्यास लक्षातही येणार नाही. Take Action मात्र आवाज बंद असला तरी मोठ्याने वाजते. दोन्हींसाठी इंटरनेट व लोकेशन चालू हवे. मी रात्री मोबाइल डेटा बंद करून झोपत असे, ती सवय आता मोडली आहे.

सेटिंगमधील नमुना-सूचना मी एका रात्री न सांगता वाजवली. मला अंथरुणातून जेवणाच्या टेबलाखाली जायला नऊ सेकंद लागले, गुडघेदुखी असलेल्या आईला सव्वीस. आता तिची खाट टेबलाशेजारी हलवली आहे.