सरासरी टक्केवारी: सगळे विषय समान की तासिकांप्रमाणे?

डिचोलीच्या एका शाळेत मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. चतुर्थीच्या सुट्टीआधी निकालपत्रके भरायची असतात, आणि एकूण टक्केवारी कशी काढायची यावर दरवर्षी शिक्षकांत चर्चा होते.

आमच्या आठवड्याच्या ४० तासिका अशा आहेत: गणित ८, विज्ञान ७, मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ६, सामाजिक शास्त्रे ५, हिंदी ४, चित्रकला २, शारीरिक शिक्षण २. समजा, शुभदाला याच क्रमाने ५०, ५५, ७०, ६५, ७०, ७०, ९०, ९० टक्के मिळाले, आणि रोहनला ८०, ७५, ६५, ७०, ६५, ६५, ६०, ६०. सगळे विषय समान धरले तर शुभदाला ७० आणि रोहनला ६७.५ टक्के. पण प्रत्येक विषयाचे टक्के त्याच्या तासिकांनी गुणून बेरजेला ४० ने भागले, की शुभदाचे ६४.६ होतात आणि रोहनचे ७०. क्रम उलटतो. समान पद्धतीत चित्रकलेची एक तासिका गणिताच्या चार तासिकांइतकी मोजली जाते, त्यातून हे घडते.

मला तासिकांची पद्धत बरी वाटते. मुलाचा आठवडा कुठे गेला ते तिच्यात दिसते. समान पद्धत पालकांना पटकन समजते, हा तिचा खरा फायदा. पण पालकसभेत वरचे उदाहरण फळ्यावर मांडले की दुसरीही समजते.

चुका मात्र तासिकांच्या पद्धतीत जास्त होतात. गणिताचा पेपर १०० चा आणि चित्रकलेचा ५० चा असेल, तर नुसत्या गुणांची बेरीज करतानाच गणिताला दुप्पट वजन मिळालेले असते. त्यावर पुन्हा तासिकांनी गुणले तर ते दोनदा लागते. म्हणून आधी प्रत्येक विषयाचे टक्के काढावेत.

दुसरी चूक गैरहजेरीची. रकाना रिकामा राहिला तर वरची बेरीज त्या विषयाला शून्य धरते, पण भागाकारात त्याच्या तासिका तशाच राहतात. आजारपणामुळे गणिताचा पेपर चुकला तर ४० ऐवजी ३२ ने भागायला हवे. स्प्रेडशीटमध्ये टक्के B रकान्यात आणि तासिका C रकान्यात असतील तर हे सूत्र ते आपोआप करते:

```
=SUMPRODUCT(B2:B9,C2:C9)/SUMIF(B2:B9,">=0",C2:C9)
```

अर्थात, असा निकाल बाकीच्या विषयांचाच असतो. निकालपत्रकावर तसे लिहावे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. कच्च्या मुलांसाठी गणिताच्या दोन जादा तासिका ठेवल्या आणि त्याही मोजल्या, तर ज्या विषयात मूल अडखळते त्याचेच वजन त्याच्यापुरते वाढते. जादा तासिका आणि बदली तासिका सोडून द्याव्यात. वर्षाच्या सुरुवातीला ठरलेले वेळापत्रकच धरावे, आणि एका वर्गातल्या सगळ्यांना तेच लावावे.

चित्रकला आणि शारीरिक शिक्षणात सगळ्यांनाच ८५ ते ९५ टक्के मिळत असतील, तर कुठलीही पद्धत घेतली तरी त्या विषयांमुळे क्रम फारसा हलत नाही. समान पद्धतीत सगळ्यांचे आकडे तेवढे फुगतात. आमच्याकडे तसेच आहे, म्हणून मी या दोन विषयांची श्रेणी वेगळी द्यावी आणि उरलेल्या ३६ तासिकांवर टक्केवारी काढावी असे सुचवले आहे.