घुबडं की कोल्हा : पाच आणि आठ वर्षांच्या भावंडांसाठी

सगळ्यांनी मिळून जिंकायचं किंवा मिळून हरायचं, असे दोन पटावरचे खेळ आमच्याकडे वर्षभर आहेत, 'हूट आऊल हूट' आणि 'आउटफॉक्स्ड'. दोन्हींत वाचता येण्याची गरज नाही आणि दोन्ही पाच वर्षांच्या मुलाला समजतात.

पहिल्यात रंगीत पत्ते टाकून घुबडांना सूर्य उगवायच्या आत घरट्यात पोहोचवायचं. पत्ता ज्या रंगाचा, त्या रंगाच्या पुढच्या घरावर घुबड जातं. तिथे आधीच एखादं घुबड बसलेलं असेल, तर त्याला ओलांडून त्याच रंगाच्या पुढच्या घरावर. म्हणजे मागच्या घुबडाला एका पत्त्यात दोन उड्या मिळू शकतात. आठ वर्षांच्या ताईला हे दुसऱ्याच डावात कळलं. सगळ्यांचे पत्ते उघडे असतात, त्यामुळे धाकट्याच्या हातातला पिवळा पत्ताही तिला दिसतो. त्याला त्याचं लाडकं, सर्वांत पुढचं घुबड हलवायचं होतं. तिने सरळ त्याच्या पुढ्यातला पत्ता उचलला आणि मागचं घुबड उडवलं. चाल अगदी बरोबर होती. खेळ जिंकला, आणि धाकटा म्हणाला, "ताई जिंकली."

माझं मत तिथेच ठरलं : आमच्या घराला कोल्ह्याचाच खेळ बरा. 'विचारल्याशिवाय सुचवायचं नाही' असा नियम करून पाहिला, तो जेमतेम दोन पत्ते टिकला.

'आउटफॉक्स्ड'मध्ये 'पाय' नावाचा खाण्याचा पदार्थ चोरणाऱ्या कोल्ह्याला शोधायचं. इथे फासे टाकण्याआधीच 'पुरावा' की 'संशयित' हे सांगावं लागतं. तिन्ही फासे तसेच पडायला तीन प्रयत्न मिळतात. नाहीच जमलं, तर कोल्हा तीन घरं पुढे पळतो. ताई सल्ला देतेच, पण फासे तिचं ऐकत नाहीत. हरलो, तर सगळा राग कोल्ह्यावर निघतो.

पुरावा तपासायचं छोटं यंत्र आम्ही धाकट्याच्या ताब्यात दिलंय. तो खिडकी सरकवतो : छत्रीला हिरवा ठिपका, म्हणजे चोराकडे छत्री आहे. आता बिनछत्रीवाले संशयित बाद करायचे, तर तो हटकून छत्रीवालेच उचलतो. ते सांभाळायचं काम ताईचं. तिला हुशारी दाखवायला जागा मिळते, आणि त्याची पाळी त्याच्याकडेच राहते.

अर्थात दरवेळी असंच होईल असं नाही. धाकट्याला एका जागी बसवत नसेल, तर घुबडांचा खेळ बरा; तीनच घुबडं घेतली तर पटकन संपतो. मोठं मूल स्वभावाने शांत असेल, तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. आमच्याकडे मात्र घुबडांचा डबा ताई बाहेर गेली की निघतो.