कुणबी कापडाला काऊल गळा की बॉक्स प्लीट्स?

ताई, नमस्कार.

तुम्ही म्हापशाच्या दुकानात ठेवून गेलात ते लाल चौकटीचं कुणबी कापड नीट पाहिलं. हातमागाचं अस्सल सुती आहे, पण तुमच्या झग्याच्या फोटोतला काऊल गळा, म्हणजे छातीवर सैल चुण्या पडणारा गळा, त्यात बसणार नाही. तो गळा उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून कापतात आणि त्याच्या चुण्या कापडाच्या वजनानं आपोआप ओघळाव्या लागतात. तुमचं कापड पुतळ्याच्या खांद्यावर तिरकं टाकून पाहिलं. चुणी ओघळलीच नाही, छातीपाशी ताठ उभी राहिली. शिवाय तिरक्या चौकटी शिवणीवर जुळवायला कापड जास्त लागतं.

काऊलच हवा असेल तर क्रेप आणा. मऊ आणि वजनदार असल्यानं छान पडतो. उरेब झगा मात्र खाली ओढला जातो, म्हणून रात्रभर टांगून मगच खालचा घेर सारखा करीन.

कुणबीच ठेवायचं असेल तर साधा गोल गळा आणि कमरेपासून बॉक्स प्लीट्स, उभ्या धाग्यावर. कापडाचा ताठपणा तिथे कामाला येतो आणि प्लीट चौकटीच्या रेघेवरच मोडता येते. मला हेच जास्त शोभेल असं वाटतं. एवढं सुंदर विणलेलं कापड कपाटात पडून राहू नये. सुती आटतं, म्हणून कापण्याआधी भिजवावं लागेल. तुमचा निरोप आला की लगेच भिजत घालतो.