रोखीत ३३ हजार की शून्य टक्क्याने ३६ हजार?

गेल्या महिन्यात वहिनींना फ्रिज घ्यायचा होता, म्हणून कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो. पाटीवर ३६,०००, खाली ‘शून्य टक्के व्याज, १२ हप्ते’. म्हणजे महिना ३,०००. वहिनी तयारच झाल्या. मी हप्त्याचं नाव न काढता विचारलं, “आत्ता सगळे पैसे दिले तर शेवटचा भाव काय?” तो निघाला ३३,०००. हा प्रश्न हप्त्याआधी विचारावा. हप्ता ठरल्यावर हा भाव सहसा कोणी सांगत नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवा. फ्रिजची खरी किंमत ३३,०००. हप्त्याने घेतला तर तीन हजार जास्त, शिवाय प्रोसेसिंग फी ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. फी आजच हातातून जाते, म्हणून उधारी खरी ३२,४१०ची आणि फेड ३६,०००ची. व्याज ३,५९०.

इथे बहुतेक जण ३,५९० ला ३२,४१० ने भागून ‘अकरा टक्के, ठीक आहे’ म्हणतात. चूक तिथेच. पूर्ण रक्कम वर्षभर तुमच्याकडे नसतेच. दर महिन्याला ३,००० परत जातात, सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम वापरायला मिळते. त्यामुळे खरा दर जवळपास दुप्पट. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(12,-3000,32410)*12
```

उत्तर १९.९ टक्के. फी नसती तरी १६.४. आणि पहिला हप्ता दुकानातच घेतला, तर उधारी २९,४१०ची आणि हप्ते ११ उरतात, दर २३.६ वर जातो. ‘एक हप्ता आगाऊ’ हे वाक्य तेव्हा गोड वाटतं, एवढंच.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते फीमध्ये लपवलेलं असतं.

वहिनींची एफडी ७ टक्क्यांची होती. त्यातून ३३,००० काढून ते बारा महिन्यांत दरमहा २,७५० असे परत साठवले, तर बुडणारं व्याज साधारण १,२५०. मुदतीआधी मोडल्याचा दंड धरला तरी ३,५९० च्या बरंच खाली. आम्ही रोखीत घेतला.

पण शेजारच्या दुकानात रोखीलाही ३६,०००च सांगितले असते आणि फीही नसती, तर मीच हप्ता घ्या म्हटलं असतं; तिथे शून्य खरंच शून्य. फक्त तोच फ्रिज दुसरीकडे रोखीत कितीला मिळतो, ते आधी फोनवर विचारून घ्यायचं. पाटीवरचा भावच फुगवलेला असेल, तर हे सगळं गणित त्या दुसऱ्या भावावर करायचं.