मिनिटांचे वेळापत्रक की टप्प्यांचे? एकदिवसीय कार्यशाळेपूर्वी काय पाठवावे

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी ओळखणे आणि फवारणीचा निर्णय घेणे, या विषयावर यवतमाळकडच्या एखाद्या गावी ग्रामपंचायतीच्या सभागृहात सकाळी 10:30 ते दुपारी 4 अशी कार्यशाळा ठरली आहे, असे समजू. तीस शेतकरी येणार आहेत, त्यातले निम्मे एसटीने. त्यांना आधी पाठवायचे वेळापत्रक दोन प्रकारे लिहिता येते: प्रत्येक सत्राला घड्याळाची वेळ देऊन, किंवा मोजक्या वेळा पक्क्या ठेवून मधली सत्रे केवळ क्रमाने सांगून.

पहिल्या प्रकारात 10:30 परिचय, 10:45 अळीचा जीवनक्रम, 11:30 शिवारफेरी, 12:45 नोंदींची आकडेमोड, 1:15 जेवण, 2:00 कामगंध सापळा बसवणे, 2:45 फवारणीचा निर्णय आणि 3:30 शंकासमाधान, असे सर्व काही मांडले जाते. याचा खरा लाभ साधनव्यक्तींना होतो. दुपारच्या सत्रापुरते कृषी विज्ञान केंद्रातून येणाऱ्या तज्ज्ञांना कधी पोहोचायचे ते नेमके कळते, आणि एकामागून एक वक्ते असतील तर कोणी दुसऱ्याची वेळ खात नाही. मात्र एसटी वीस मिनिटे उशिरा आली की कागदावरची प्रत्येक ओळ चुकते. सहभागी हातातल्या वेळेशी समोरचे काम ताडून पाहू लागतात, आयोजक घाई करतात, आणि कात्री बहुधा प्रात्यक्षिकालाच लागते, कारण भाषण अर्ध्यावर थांबवणे अवघड जाते.

दुसऱ्या प्रकारचा संदेश साधारण असा असेल:

सकाळी 10:30 ला सुरुवात. जेवणापूर्वी: अळीची ओळख, वावरात जाऊन बोंडे फोडून पाहणी, नोंदींचा हिशेब.
दुपारी 1:15 ते 2:00 जेवण.
जेवणानंतर: सापळा बसवणे, फवारणी कधी करावी, शंकासमाधान.
दुपारी 4 वाजता समाप्ती.

येथे दिलेल्या चारही वेळा पाळणे आयोजकाच्या हाती असते, म्हणून सहभागींचा विश्वास टिकतो. समाप्तीची वेळ तर कधीच हलवू नये. शेवटची गाडी गाठायची असलेली माणसे, विशेषतः महिला शेतकरी, ती वेळ पाहूनच यायचे की नाही ते ठरवतात. या प्रकाराची उणीव अशी की आयोजकाने स्वतःसाठी मिनिटांचा हिशेब केला नसेल, तर मधली सत्रे हवी तशी पसरतात.

म्हणून माझे मत असे की सहभागींना टप्प्यांचे वेळापत्रक पाठवावे आणि मिनिटांचे आयोजक व साधनव्यक्ती यांच्यापुरते ठेवावे. त्या आतल्या कागदावर सर्वांत काळजीपूर्वक लिहिण्याजोगे सत्र म्हणजे शिवारफेरी. तिला 75 मिनिटे दिली, तर जाण्यायेण्याची प्रत्येकी 10 धरून 20, गट पाडायला 5, पऱ्हाटीवरून हिरवी बोंडे तोडायला 15, ती फोडून नोंद करायला 25 आणि बांधावरच्या चर्चेला 10, असा वेळ जातो. प्रत्येक गटाने 20 बोंडे यादृच्छिकपणे निवडून फोडायची असतात, आणि त्यांतल्या दोनांत जिवंत अळी आढळली तर नुकसानीची 10 टक्क्यांची पातळी गाठली गेली असे मानतात. हे मोजणे घाईत होत नाही. जाण्यायेण्याची 20 मिनिटे लिहिलीच नाहीत, तर ती नेमकी या मोजणीतून वजा होतात. पाऊस झालेला असेल तर काळ्या मातीत पायांना चिखल चिकटून आणखी वेळ जातो.

उशीर झाल्यास काय आखडते घ्यायचे, तेही त्याच कागदावर आधी ठरलेले असावे. या उदाहरणात जीवनक्रमाचे सत्र 45 वरून 25 मिनिटांवर आणता येते, कारण अळी, तिची विष्ठा आणि आतून पोखरलेली सरकी पुढे फोडलेल्या बोंडात प्रत्यक्ष दिसतातच. सापळ्याचे सत्र मात्र तोडू नये. एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय करायचे, हा निकष सापळा हाताळल्याशिवाय लक्षात राहत नाही. जेवणानंतर लगेच हेच सत्र ठेवलेले बरे, कारण त्या वेळी नुसते ऐकत बसणे सर्वांनाच जड जाते.

पाठवताना तक्ता टाळावा. लहान फोनवर रकाने विस्कटतात आणि चित्र उघडायला नेट लागते. साधा मजकूर मात्र घरात कोणीही वाचून दाखवू शकतो. तो आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा पाठवावा, आणि दुसऱ्या वेळी एक ओळ जोडावी: "पावसामुळे वावरात जाता आले नाही तर उपयोगी पडतील, म्हणून आपल्या शेतातली 20 हिरवी बोंडे सोबत आणावीत." शिवारफेरी रद्द झाली तरी फोडणी आणि मोजणी मग सभागृहातच, तेवढ्याच वेळात होते.

कार्यशाळा तालुक्याच्या गावी असेल, शिवारफेरी नसेल आणि दर तासाला नवा वक्ता असेल, तर मिनिटांचे वेळापत्रक सर्वांना पाठवायला हरकत नाही. फक्त जेवणापूर्वी 15 मिनिटे मोकळी ठेवून ती "चर्चा" या नावाने लिहावीत.