थकणारं बिल: पुढच्या तारखांचे चेक द्यावेत की हप्ते लिहून द्यावेत?

तासगाव-सांगलीत बेदाण्याचा धंदा करणाऱ्याला दिवाळीच्या आसपासची ओढाताण वेगळी सांगायला नको. सौदे बंद होतात, शून्य पेमेंट असतं, म्हणजे अडत्यांची सगळी बाकी आधी फेडावी लागते. माल मात्र दिल्ली-इंदूरकडं गेलेला असतो आणि तिकडचे पैसे नोव्हेंबर-डिसेंबरात हळूहळू येतात. मधल्या काळात अडकतो तो बॉक्सवाला. त्यानं ऑक्टोबरात माल दिलेला असतो आणि त्याच्याशिवाय पुढचं पॅकिंग होत नाही.

मुदत मागायला दोन रस्ते आहेत. पुढच्या तारखांचे चेक एकदम देऊन टाकायचे, किंवा तारखा आणि रकमा लिहून कळवायच्या आणि त्या त्या दिवशी एनईएफटी करायची. मी दोन्ही वापरले आहेत. आता मी दुसऱ्याकडं झुकतो, पण ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

चेकची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. समोरच्याच्या हातात कागद असतो. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत तो नोटीस काढू शकतो आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर मामला कोर्टात जातो. या धाकामुळंच त्याला धीर येतो. जिथं ओळख नवी आहे तिथं नुसत्या शब्दावर मुदत मागणं मलाही योग्य वाटत नाही. शिवाय चेक दिले की विषय एका बैठकीत मिटतो, दर हप्त्याला बोलणं निघत नाही.

निदान निघू नये. माझं मन चेकवरून उडालं ते इथंच. चेकवरची तारीख ठरलेली असते, पण आपल्याकडं येणारा पैसा त्या तारखेला बांधलेला नसतो. पार्टी म्हणते "सोमवारी टाकतो" आणि पैसे येतात बुधवारी. मग सोमवारी सकाळी बॉक्सवाल्याला फोन लावायचा: "काका, आजचा चेक दोन दिवस थांबवता का?" काका हो म्हणतात. पण चेक असतो त्यांच्या हिशेबनिसाकडं, तो सकाळीच बाकीच्या चेकांबरोबर बँकेत गेलेला असतो. काका त्याला फोन करतात, तो बँकेत धावतो, आणि आपण दुपारभर मोबाइलवर बँकेचा मेसेज बघत बसतो. पूर्वी यात एका दिवसाची सवड तरी मिळायची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँका चेक दिवसभर सलग वटवतात, सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी खात्यावर येऊन आदळतो. ती सवड आता धरून चालता येत नाही.

चार चेक दिले की असा फोन चार वेळा करायची पाळी येऊ शकते. पहिल्या फोनला काका हसून घेतात. तिसऱ्या फोनला आवाज बदललेला कळतो, आणि तो बदल पुढच्या हंगामात दरात नाहीतर मुदतीत दिसतो. पैसे दोन दिवस उशिरा मिळाल्याचं त्यांना फारसं वाटत नाही, ऐन वेळी धावाधाव करायला लावल्याचं वाटतं. लिहून दिलेल्या हप्त्यात तोच उशीर चार दिवस आधी कळवता येतो आणि कुणाला बँकेत पळावं लागत नाही.

लिहून द्यायचं म्हणजे काय, ते आकड्यांत दाखवतो. बिल ५ ऑक्टोबरचं, रक्कम ३,२०,०००, मुदत ३० दिवस, म्हणजे ४ नोव्हेंबर. मेसेज जातो २८ ऑक्टोबरला. मुदत उलटल्यावर मागितलेली सवलत आणि आठवडाभर आधी मागितलेली सवलत यांत समोरच्याच्या लेखी फार फरक असतो.

"काका, ५ ऑक्टोबरचं बिल, रु. ३,२०,०००. मुदत ४ नोव्हेंबर आहे, पण शून्य पेमेंटमुळं एकरकमी जमणार नाही. आज ५०,००० पाठवलेत. बाकीचे १५ नोव्हेंबर, ३० नोव्हेंबर आणि १५ डिसेंबरला ९०,००० प्रमाणे देतो. तोवरचा नवीन माल रोखीनं नेईन. तारखा चालतील का ते कळवा. तुमचं मिलचं पेमेंट मध्ये येत असेल तर सांगा, तसा हप्ता पुढंमागं करतो."

यात सगळ्यात जास्त काम करतात ते आजचे ५०,०००. ते गेल्याशिवाय बाकीच्या तारखा नुसतं बोलणं ठरतात. त्याखालोखाल नवीन माल रोखीनं नेण्याची तयारी, कारण जुनी बाकी आणि नवी उधारी एकमेकींवर चढतील हीच त्याला खरी भीती असते. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. त्याला स्वतःला कागदाच्या मिलला पैसे द्यायचे असतात, आणि ती तारीख कळली तर ३० तारखेचा हप्ता २७ ला ओढणं आपल्याला बहुतेक जमतं. तारखा ठरवताना मी पार्टीनं सांगितलेल्या दिवसापुढं चार-पाच दिवस सोडतो. एनईएफटीच्या शेऱ्यात बिल नंबर टाकतो, नाहीतर रक्कम नुसती खात्यावर जमा होते आणि कोणतं बिल फिटलं यावरून मार्चमध्ये वाद निघतो.

हप्त्यांच्या या रस्त्याला एक मर्यादा आहे, आणि ती चेकलाही तशीच आहे. बॉक्स बनवणारा उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर कायद्यानं मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांचीच. लेखी करार नसेल तर १५. काका "ठीक" म्हणाले म्हणून ती वाढत नाही, पुढच्या दिवसांचं व्याज मागायचा त्यांचा हक्क राहतोच. वरच्या उदाहरणात ४५ दिवस १९ नोव्हेंबरला भरतात आणि तेव्हा १,८०,००० बाकी असतात. त्यामुळं आयकराची एक गोष्ट सांभाळावी लागते: ४५ दिवसांपलीकडं गेलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी खर्चात धरली जाते. डिसेंबरात फिटलं तर काही बिघडत नाही, पण शेवटचा हप्ता एप्रिलात गेला तर त्या रकमेवर यंदा कर भरावा लागेल. जीएसटीचं इनपुट क्रेडिट टिकवायचं तर बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण रक्कम जायला हवी. बॉक्सवाला स्वतः बॉक्स न बनवता नुसती खरेदी-विक्री करणारा असेल, तर त्याच्या बिलाला ४५ दिवसांचा हा नियम लागत नाही, १८० दिवसांचा मात्र लागतो.

ज्याच्याशी दोन-तीन हंगामांचा व्यवहार झाला आहे, त्याच्याकडं मी लिहून दिलेले हप्तेच सुचवेन. समोरचा चेकवरच अडून बसला तर शेवटच्या हप्त्याचा एकच चेक द्यावा, त्यावर आपण सांगितलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर पुढची तारीख घालावी आणि मधले हप्ते एनईएफटीनं. १५ डिसेंबरचे पैसे वेळेवर गेले की तो चेक परत मागून घ्यायचा.